अंगठ्यामुळे अडलेलं खातं

गुरुजींच्या जुन्या पासबुकाच्या पहिल्या पानावर, फोटोला लागून, निळ्या शाईत डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. त्याखाली पेनने लिहिलंय, 'खातेदार अंध. व्यवहार समक्ष.' ठसा जून २०२५ चा. खातं मात्र २००३ पासूनचं. मधली बावीस वर्षं त्याच खात्यावर सहीने चेक निघाले, घरबांधणीच्या कर्जाचे हप्ते गेले, एटीएम कार्ड चाललं. ठसा उमटला आणि दोन महिन्यांत यातलं बहुतेक सगळं बंद झालं. ते कसं झालं आणि पुन्हा कसं सुरू झालं, एवढंच इथे सांगायचं आहे. मी स्वतः एकोणतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू थोड्याफार कळतात.

गुरुजी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा पडद्याचा आजार. आधी रात्री दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी उजेड-अंधार सोडून काही उरलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही, त्यामुळे पगार चालू राहिला. ब्रेल ते शिकले नाहीत. फोन मात्र स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकवर असा चालवतात की बोटं स्क्रीनवर फिरताना आपल्याला कळतही नाही ते काय ऐकताहेत. तो आवाज त्यांनी इतका वेगात ठेवलाय.

जूनमध्ये बँकेचा एसएमएस आला, केवायसी अद्ययावत करा. खरं तर पत्ता-नाव काही बदललेलं नसेल तर 'बदल नाही' असं स्वतःचं निवेदन पुरतं आणि ते पत्रानेही देता येतं. गुरुजी पत्नीला, म्हणजे बाईंना, घेऊन शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा भला होता, खुर्ची दिली, पाणी विचारलं. फॉर्मवर सही झाली आणि ती स्क्रीनवरच्या २००३ च्या नमुन्याशी जुळेना. मुलाने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "अंगठा घ्या, साक्षीदार म्हणून मॅडमची सही घ्या." पाच मिनिटांत काम झालं. घरी येताना गुरुजींना वाटलं, बरं झालं, सुटलो.

ऑगस्टमध्ये कार्डाची मुदत संपली, नवं आलं नाही. चेकबुक मागितलं तर उत्तर मिळालं की अंगठ्याच्या खात्याला चेकबुक नसतं. मोबाइल बँकिंगची नोंदणी निघाली होती. पैसे काढायचे तर पासबुक घेऊन स्वतः यायचं, अधिकाऱ्यासमोर अंगठा द्यायचा. शाखा गावापासून चौदा किलोमीटर, आणि कामकाजाच्या दिवशी शाळा. यावर तोडगा म्हणून दोन सल्ले मिळाले. पहिला, मुलाला खात्यात जॉइंट घ्या. दुसरा अनौपचारिक होता: "कार्ड होईल तेव्हा पिन मुलाकडे असू द्या, तो आणून देईल."

गुरुजी माझ्याकडे आले ते सप्टेंबरात, त्यांचा एक जुना विद्यार्थी माझ्या शेजारी राहतो म्हणून. बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "साहेब, अंगठा दिला म्हणजे मी अडाणी झालो का?"

खरं म्हणजे हो, बँकेच्या संगणकात ते तसेच झाले होते. शाखेत अंगठ्याचं खातं म्हटलं की निरक्षर खातेदाराची चौकट आपोआप लागते: चेकबुक नाही, स्वतः हजर राहा, ओळखीचा साक्षीदार आणा. ही चौकट ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या संरक्षणासाठी आहे. सही जुळली नाही म्हणून अंगठा घेतलेल्या शिक्षकासाठी ती नव्हती. पण संगणकात खूण एकच. ती खूण कुणी, कशासाठी केली हे पुढच्या अधिकाऱ्याला दिसत नाही, त्याला फक्त खूण दिसते. म्हणून कार्ड विभागाने कार्ड थांबवलं, चेकबुक विभागाने चेकबुक. दुष्टपणा कुणीच केला नाही.

हे मला इतकं नीट माहीत असायचं कारण लाजिरवाणं आहे. शाखाधिकारी असताना मी एका अंध मुलीला चेकबुक नाकारलं होतं. ती एम.ए. होती. मी म्हणालो, "बेटा, कुणी फसवलं तर?" तेव्हा मला तो काळजीचा सूर वाटला होता.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ रोजी सगळ्या बँकांना परिपत्रक पाठवलं. त्यामागे अपंग व्यक्तींच्या मुख्य आयुक्तांचा २००५ चा आदेश होता. परिपत्रकाचा गाभा असा की अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे, म्हणून चेकबुक (तिसऱ्या व्यक्तीच्या नावचे चेकसुद्धा), एटीएम, नेटबँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड यातलं काहीही अंधत्वाच्या कारणाने नाकारायचं नाही. सहीवाल्या अंधाला द्या आणि अंगठेवाल्याला देऊ नका, असा भेद त्यात नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ आणखी पुढे जातं, आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळण्याचा हक्क ते देतं. म्हणजे मुलाला जॉइंट घ्या हा सल्ला होऊ शकतो, अट होऊ शकत नाही.

दुसऱ्या सल्ल्याबद्दल तर मला रागच आला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवली आहे. बँकेची चूक असेल, किंवा तिसऱ्याच कुणीतरी केलेली चोरी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली, तर ग्राहकावर काही येत नाही. पण ग्राहकाने स्वतः पिन कुणाला सांगितला असेल तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं. म्हणजे बँकेच्या खुर्चीवरून 'पिन मुलाला द्या' म्हणणं हे ग्राहकाला त्या संरक्षणातून बाहेर काढणंच आहे.

नियम हाती होता, तरी सहीचा प्रश्न खराच होता. आम्ही तिथून सुरुवात केली.

मी गुरुजींना कोऱ्या कागदावर दहा सह्या करायला सांगितल्या. ओळ उजवीकडे वर चढत होती, ते अपेक्षित होतं. आडनावाची अक्षरं एकमेकांवर बसत होती. पण खरी मोडतोड शिरोरेषेने केली होती. देवनागरी सही करताना आपण अक्षरं लिहून घेतो, मग हात उचलून सुरुवातीला नेतो आणि वरून रेघ मारतो. डोळे असताना हे कळतसुद्धा नाही. डोळे गेल्यावर उचललेला हात परत त्याच जागी येत नाही. गुरुजींची रेघ कधी अक्षरांच्या पोटातून जात होती, कधी अर्धा सेंटीमीटर वर हवेत. नमुन्यात ती नीट होती, म्हणून कुठलाच तपासनीस ही सही मान्य करणार नव्हता. त्याचंही चुकलं नसतं.

उपाय दोन केले. पहिला म्हणजे सही बदलली. नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव, पेन न उचलता, शिरोरेषेशिवाय. हात उचलायचाच नाही म्हटल्यावर परत येण्याचा प्रश्न उरला नाही. दुसरा उपाय चौकटीचा. मुदत संपलेल्या एटीएम कार्डात कटरने साधारण साडेसहा सेंटीमीटर लांब आणि दीड सेंटीमीटर उंच खिडकी कापली. कुणीतरी ती सहीच्या जागेवर ठेवून द्यायची, डाव्या हाताच्या बोटाने तिची डावी कड धरायची आणि खिडकीत लिहायचं. खालची कड ओळ सरळ ठेवते, उजवी कड कागद संपला हे सांगते. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर रोज तीस सह्या. पंधरा दिवसांनी मी दहा सह्या पातळ कागदावर एकावर एक धरून उजेडात पाहिल्या. जवळजवळ एकच सही दिसत होती.

एक बारीक गोष्ट अनुभवाने कळली. नमुना सही देतानाही हीच चौकट वापरायची. शाखेत मोकळ्या हाताने नमुना दिला आणि चेकवर चौकट वापरली, तर सहीचा आकार बदलतो आणि पुन्हा तेच रडगाणं.

अर्ज एका पानाचा केला. खातं कधीपासून सहीने चालत होतं, अंगठा कोणत्या तारखेला आणि का घेतला, आपण साक्षर आहोत, सही बदलून हवी आहे, 'अंध, निरक्षर' या वर्गातली नोंद काढावी, कार्ड, चेकबुक आणि मोबाइल बँकिंग पूर्ववत करावं. २००८ च्या परिपत्रकाची प्रत जोडली. दोन प्रती काढून एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतली. पोच हा शब्द मुद्दाम लिहितो. तोंडी विनंती बँकेच्या हिशेबी झालेलीच नसते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं, आणि ते तीस दिवस मोजायला पोच लागते.

शाखाधिकाऱ्यांनी अर्ज घेतला, वाचला आणि एक छापील हमीपत्र पुढे केलं. गुरुजींनी ते तिथे सही न करता फाइल म्हणून व्हॉट्सॲपवर मागितलं. ती आली फोटोच्या रूपात, तो टॉकबॅक वाचत नाही. पुन्हा मागितल्यावर मजकुराची पीडीएफ आली. घरी ऐकल्यावर तिसऱ्या कलमात अडकले: खात्यावरील कोणत्याही व्यवहारातून होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस बँक जबाबदार राहणार नाही. हे कलम डोळस ग्राहकाकडून कुणी घेत नाही. गुरुजींनी उलट पत्र दिलं की धोके मला समजावून सांगितले हे मी लिहून देतो, बाकी जबाबदारी इतर ग्राहकांना लागू असते तीच मला लागू राहील. सतराव्या दिवशी विभागीय कार्यालयातून शाखेला फोन गेला. विसाव्या दिवशी नमुना सह्या झाल्या, चौकटीतूनच. काउंटरवरचा तोच मुलगा कार्डाची खिडकी सहीच्या रकान्यावर बसवून देत होता.

नवं कार्ड आलं, पण त्याबरोबर पिनचं पाकीट आलं नाही. आता पिन मोबाइलवरच्या ओटीपीने एटीएमवर तयार करायचा असतो. म्हणजे बोलणारं एटीएम लागणार. कागदावर ती सगळीकडे असायला हवीत. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी आणि ब्रेल कीपॅडची बसवायला सांगितलं, आणि १ जुलै २०१४ पासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम तसं असावं असं ठरलं. तालुक्याच्या गावात चार एटीएम होती. आम्ही रविवारी सकाळी रिक्षाने चारही पाहिली.

बोलणारं एटीएम ओळखायचं ते ३.५ मिलिमीटरच्या जॅकवरून, ज्या भोकात जुने तारेचे इअरफोन बसतात. पहिल्या मशीनला तो नव्हताच. दुसऱ्याला होता, इअरफोन घातला, काही नाही. इअरफोनची पिन घालून, काढून, पुसून पाहिलं, शांत. तिसऱ्याच्या भोकात च्युइंगगम. चौथं शाखेला लागून असलेलं होतं. त्यात इअरफोन जाताच दोन सेकंदांनी मशीनमधली बाई बोलू लागली, हिंदी आणि इंग्रजी. मराठी नाही. गुरुजी हसले, "चालतंय, हिंदी आम्ही शिकवतो."

इअरफोन हल्ली घरात सापडत नाहीत हेही सांगायला हवं. बऱ्याच नव्या फोनना ते भोक नसतं, लोक ब्लूटूथवाले वापरतात, आणि एटीएमला ब्लूटूथ जमत नाही. गुरुजींनी ऐंशी रुपयांचे तारेचे इअरफोन घेतले आणि ते पाकिटात कार्डाशेजारी गुंडाळून ठेवतात.

इअरफोन लागला की मशीन वेगळ्याच रीतीने चालतं. स्क्रीनच्या कडेची बटणं विसरायची, सगळे पर्याय आकड्यांच्या कीपॅडवर येतात: अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. कीपॅडवर पाचच्या बटणावर उंच ठिपका असतो, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. वरची ओळ एक-दोन-तीन, फोनसारखी. उजवीकडच्या बटणांवर उंचवटे आहेत: फुली म्हणजे रद्द, उभी रेघ म्हणजे चुकलेलं पुसा, गोल म्हणजे पुढे. गुरुजींनी पहिल्या वेळी पैसे काढायच्या आधी पाच मिनिटं नुसता हात फिरवला. मागे रांग नव्हती म्हणून रविवार सकाळ निवडली होती. मशीन ठरावीक वेळ वाट पाहतं आणि उत्तर नाही मिळालं तर कार्ड परत देतं, त्यामुळे पहिल्या दिवशी घाई परवडत नाही. कार्ड घालण्यापूर्वी 'स्क्रीन काळी ठेवायची का' असा पर्याय आला तर हो म्हणायचं, मागच्याला काही दिसत नाही.

ओटीपीच्या वेळी एक गंमत झाली. ओटीपी फोनवर आला, आणि फोन तो खणखणीत आवाजात वाचू लागला. काचेच्या त्या खोलीत तो दारापर्यंत ऐकू गेला असता. आता गुरुजी आत जाण्यापूर्वीच फोनचा आवाज अगदी खाली करतात. एका कानात एटीएमचा इअरफोन, दुसऱ्या कानाला फोन. पिन टाकताना आकडे मशीन बोलत नाही, प्रत्येक दाबाला फक्त टिक वाजतं, ते मोजायचं.

पैसे आले. नोटा ओळखायला डोळसांना जे रंग लागतात त्याऐवजी इथे लांबी. महात्मा गांधी नव्या मालिकेत शंभर, दोनशे, पाचशे या तिन्हींची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबी १४२, १४६ आणि १५०. म्हणजे प्रत्येकात फक्त चार मिलिमीटरचा फरक. कडांवर उठावाच्या तिरक्या रेघा आहेत, शंभरावर चार, पाचशेवर पाच, पण नोट फिरून मऊ झाली की त्या बोटाला लागत नाहीत. गुरुजी नोट त्याच खिडकीच्या कार्डाला लावून मोजतात, कार्डाच्या पुढे किती उरते ते. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं नोट ओळखणारं ॲप जानेवारी २०२० पासून आहे, ते कॅमेऱ्याने बघून बोलतं. घरी ते ठीक. बाजारात, एका हातात पिशवी आणि एका हातात काठी असताना, कार्डच बरं.

खात्यातून पैसे वजा झाले आणि मशीनमधून आले नाहीत, तर झडपेचा आवाज न येणं आणि एसएमएस येणं या दोन गोष्टींवरून कळतं. अशा वेळी व्यवहाराच्या पुढच्या पाच दिवसांत बँकेने पैसे आपणहून परत टाकायचे असतात. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. गुरुजींवर ती वेळ अजून आलेली नाही.

फोनवर यूपीआय हा सगळ्यात सोपा भाग ठरेल असं मला वाटलं होतं. जोडायलाच अडलं. यूपीआय पिन बनवायला कार्डाचे शेवटचे आकडे आणि मुदत लागते, आणि बऱ्याच नव्या कार्डांवर आकडे उठावाचे नसतात, सपाट छापलेले असतात. दुसरा पर्याय आधारचा आहे, आधारला आणि बँकेला एकच मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं. आधार क्रमांक गुरुजींना पाठ होता, त्यामुळे कार्ड कुणाला वाचायला द्यावं लागलं नाही.

पिन टाकायच्या पानाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. टॉकबॅकमध्ये पासवर्ड मोठ्याने न बोलण्याची सोय आहे, पण ती फोनच्या नेहमीच्या कीबोर्डसाठी. यूपीआयच्या पिनचा कीपॅड त्या पानाचा स्वतःचा असतो, त्यावरचे आकडे टॉकबॅकला साधी बटणं वाटतात आणि बोट फिरेल तसे तो ते बोलत जातो. म्हणजे किराणा दुकानात उभं राहून पिन टाकणं हे दुकानाला पिन वाचून दाखवणं आहे. कान झाकायला एकच इअरफोन पुरतो. सोबत टॉकबॅकच्या मेनूतून 'स्क्रीन लपवा' करून ठेवलं की शेजाऱ्यालाही काही दिसत नाही.

पैसे पाठवण्याआधी नाव ऐकणं ही गुरुजींची आता सवय झाली आहे. क्यूआर कोड कॅमेऱ्यात धरायला दुकानदार मदत करतो, पण कोड त्याच्याच दुकानाचा आहे हे अंध माणसाला कसं कळावं? जून २०२५ अखेरपासून व्यवहारापूर्वी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवायला हवं, फोनमध्ये कुणी टाकलेलं लाडकं नाव चालत नाही. गुरुजी ते नाव ऐकतात आणि दुकानदाराला मोठ्याने विचारतात, "तुम्ही अमुक अमुकच ना?" एकदा भाजीवाल्या मावशींच्या कोडवर पुरुषाचं नाव आलं. मावशी म्हणाल्या, "माझा लेक हाय त्यो." ठीक.

नोव्हेंबरात फोन आला. बँकेतून बोलतोय, तुमच्या केवायसीत अंध ग्राहकांची नोंद राहिली आहे, बोलणारी सेवा सुरू करण्यासाठी एक फाइल पाठवतो. गुरुजींनी चार महिने जे भोगलं होतं त्यावर हे बरोबर बसलं. फाइल एपीके होती, म्हणजे फोनवर थेट ॲप बसवणारी. उघडल्यावर तिने मागितलं की सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ही सेवा चालू करा. डोळस माणूस इथे कदाचित थबकला असता, कारण त्या पानावर तो कधी गेलेला नसतो. गुरुजींचा टॉकबॅक तिथेच आहे. ते पान त्यांच्यासाठी घरचं अंगण. त्यांनी चालू केलं.

ही परवानगी ज्या ॲपला मिळते ते स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. टॉकबॅकला तेवढ्याचसाठी ती लागते, आणि चोराला नेमकं तेच हवं असतं.

वाचवलं ते टॉकबॅकनेच. फोन टेबलावर ठेवला होता, गुरुजींचा हात चहाच्या कपाला, आणि फोन आपोआप बोलू लागला: मेसेजेस. मग मागे. मग बँकेच्या ॲपचं नाव. कुणीतरी आत फिरत होतं आणि उघडलेलं प्रत्येक पान टॉकबॅक इमानाने जाहीर करत होता. स्क्रीन लपवलेली असली तरी अशा वेळी उपयोग नाही, ती शेजाऱ्यापासून लपते, आत शिरलेल्यापासून नाही. गुरुजींनी फोन बंद केला, बाईंच्या फोनवरून बँकेच्या नंबरला कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगितलं. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पुढचा फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लावायचा होता, आणि तो जितका लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. फोन पूर्ण पुसून नव्याने लावला. आता दर रविवारी ते ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत जातात. तिथे चालू म्हणून एकच नाव ऐकू यायला हवं, टॉकबॅक.

याच भीतीने काही बँकांची ॲप्स टॉकबॅक सोडून दुसरा स्क्रीन रीडर चालू असला की उघडतच नाहीत. अंध वापरकर्त्यांत असे दुसरे रीडर बरेच चालतात. बँकेची बाजू मला समजते, पण ॲप काही न सांगता बंद पडतं तेव्हा समोरच्याला वाटतं आपलंच बोट चुकलं.

एप्रिल २०२५ च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल केवायसी दिव्यांगांना वापरता येईल अशी करायचे वीस निर्देश दिले. याचिका ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची आणि अंध वकील अमर जैन यांची होती. डोळे मिचकावल्याशिवाय जिवंत असल्याचं पटत नाही, असा कॅमेरा त्यात मुख्य मुद्दा होता. निकालाची प्रत आता गुरुजींच्या फोनमध्ये आहे. पुढची केवायसी शाखेत न जाता करून बघायची त्यांची इच्छा आहे.

ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयमध्ये पिनऐवजी फोनवरचा बोटाचा ठसा चालायला लागला, पाच हजारांपर्यंत. गुरुजींच्या ॲपमध्ये ते जानेवारीत आलं. त्यांनी उजवा अंगठा नोंदवला. पिन बोलण्याचा सगळा प्रश्न मिटला. दुकानात अंगठा ठेवतात, पैसे जातात, दुकानातला डबा रक्कम ओरडतो.

मागच्या आठवड्यात बँकेच्या ॲपचं नवं रूप आलं आणि शिल्लक बघण्याचं बटण टॉकबॅकवर नुसतं 'लेबल नाही, बटण' असं बोलू लागलं. गुरुजींनी टॉकबॅकमधूनच त्याला स्वतःचं नाव देऊन टाकलं, 'शिल्लक'. पण ते फक्त त्यांच्या फोनपुरतं. बँकेला मेल केला आहे, पोच आली आहे. तीस दिवसांतले नऊ झालेत.